कागदावरचा जिल्हा, आजचा जिल्हा
(मंडळाच्या कुटुंब-नोंदणी समितीच्या वतीने सभासदांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



या स्मरणिकेच्या शेवटी आपल्या कुटुंबांची यादी छापायची असे ठरले तेव्हा आम्हाला ते काम सोपे वाटले होते. घराण्याचे नाव, पहिल्या पूर्वजाचे नाव, आणि तो भारतातल्या कोणत्या जिल्ह्यातून आला ते. तीनच रकाने. पहिले दोन रकाने लवकर भरले. तिसऱ्या रकान्यापाशी मात्र आमची समिती तीन बैठका अडून बसली. एकाच घराण्याच्या दोन शाखांनी दोन वेगळे जिल्हे लिहून दिले होते. काहींनी 'बॉम्बे' लिहिले, काहींनी 'महाराष्ट्र', आणि एका आजींनी ठणकावून सांगितले, "आमचे वाडीचे राज्य होते, जिल्हा नव्हता." चूक कोणाचीच नव्हती. जिल्ह्याचे नाव म्हणजे गावाच्या नावासारखी टिकाऊ गोष्ट, हा आमचा समज तेवढा चुकीचा होता. आज त्याबद्दलच चार शब्द सांगायचे आहेत.

आधी आपल्या बेटाकडेच पाहू. आपल्या देशाला मॉरिशस हे नाव डच लोकांनी १५९८ साली आपल्या एका राजपुत्रावरून दिले. मग फ्रेंच आले आणि त्यांनी 'इल द फ्रान्स' केले. १८१० मध्ये इंग्रजांनी बेट घेतले आणि जुने नाव परत आणले. डोंगर तेच, किनारा तोच. राज्य बदलले तसे नाव बदलले. आपले जिल्हे नऊ आहेत. पोर्ट लुईस हे फ्रान्सच्या राजाचे नाव. ब्लॅक रिव्हर म्हणजे सरळ काळी नदी. ते भूमीवरून पडलेले नाव आहे. भाषेवरून पडलेले नाव मात्र नऊपैकी एकाही जिल्ह्याला नाही. त्यामुळे भूमीवरून किंवा राजावरून नाव पडते हे आपल्याला चटकन समजते. भाषेवरून राज्य आखले जाते ही गोष्ट आपल्याला जरा परकी वाटते. आपल्या पूर्वजांच्या मुलखात नावे पडण्याच्या या तिन्ही रीती एकामागून एक येऊन गेल्या आहेत. म्हणूनच तिसरा रकाना भरणे अवघड झाले.

आपले पूर्वज गिरमिटावर आले तेव्हा त्यांची नोंद झाली. ती जुनी नोंदणी-पुस्तके मोका येथे महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवली आहेत, आणि आपल्यापैकी बऱ्याच जणांनी तिथून आपल्या पूर्वजाचा उतारा आणला आहे. त्यात नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात असे तपशील असतात, आणि ठिकाणासाठी साधारणपणे तीन रकाने असतात: जिल्हा, परगणा आणि गाव. लिहिणारा कारकून मराठी जाणत नव्हता. त्याने कानाला आले ते इंग्रजी अक्षरांत लिहिले. तरीही या तीन रकान्यांत बरेच काही सापडते. फक्त ते कोणत्या काळाचे बोल आहेत हे कळले पाहिजे.

एका सभासदांच्या घरचे उदाहरण सांगतो. त्यांच्या परवानगीने सांगत आहोत; गावांची आणि माणसांची नावे मुद्दाम देत नाही. त्यांच्याकडे दोन उतारे आहेत, एक खापरपणजोबांचा आणि एक खापरपणजीचा. पणजोबांच्या कागदावर जिल्ह्याच्या जागी सावंतवाडी आहे आणि परगणा कुडाळ. पणजीच्या कागदावर जिल्हा रत्नागिरी आणि परगणा मालवण. घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले की ही दोघे दोन दूरच्या मुलखांतली, त्यांची गाठ मुंबईच्या बंदरावर पडली आणि लग्न इथे मळ्यावर झाले.

त्यांचा एक नातू भारतात गेला. हातात पणजीचा कागद होता, त्यावर रत्नागिरी लिहिले होते, म्हणून तो थेट रत्नागिरी शहरात उतरला. तिथल्या एका कचेरीत त्याने गावाचे नाव सांगितले. तिथल्या माणसाने जिल्ह्याच्या गावांची यादी वरपासून खालपर्यंत पाहिली आणि सांगितले, "या नावाचे गाव आमच्याकडे नाही." तो तीन दिवस राहिला, समुद्र पाहिला आणि रिकाम्या हाताने परत आला. घरी सर्वांचा समज झाला की कागदच खोटा आहे. तो कागद कपाटात गेला आणि सहा वर्षे बाहेर आला नाही.

कागद खरा होता आणि कचेरीतला माणूसही खरे बोलत होता. ते गाव आज रत्नागिरी जिल्ह्यात नाही. ते कसे, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि कोकण कंपनीच्या हातात गेले. कंपनीने दक्षिण कोकणाचा एक जिल्हा केला. त्याचे नावही तसेच होते, दक्षिण कोकण. ते भूमीवरून पडलेले नाव. त्याची मुख्य कचेरी बाणकोटला होती. १८२२ मध्ये ती सोयीसाठी रत्नागिरीला हलवली. १८३० मध्ये बाणकोटच्या उत्तरेचे तालुके काढून उत्तर कोकणाला जोडले आणि उरलेल्या भागाचा दर्जा कमी केला. १८३२ मध्ये तो पुन्हा पुरा जिल्हा झाला आणि रत्नागिरी जिल्हा म्हणून ओळखला जाऊ लागला. म्हणजे रत्नागिरी हे मूळचे एका गावाचे नाव. कलेक्टर तिथे बसू लागला म्हणून ते सगळ्या मुलखाला लागले. इंग्रजी अमलात जिल्ह्यांची नावे बहुधा अशीच पडली: कचेरी जिथे, नाव तिथले.

मालवण हे कोल्हापूरकरांकडून १८१२ मध्येच इंग्रजांकडे आले होते. त्यामुळे पणजी निघाली तेव्हा मालवणचा कलेक्टर रत्नागिरीला बसत असे आणि तिने जिल्हा रत्नागिरी सांगितला. कुडाळ मात्र इंग्रजांच्या थेट अमलात नव्हते. ते सावंत-भोसल्यांच्या संस्थानात होते. सावंतवाडी म्हणजे सावंतांची वाडी, राजघराण्याच्या नावावरून पडलेले नाव. तिथली माणसे नुसते 'वाडी' म्हणत आणि आजही म्हणतात. पणजोबांनी आपल्या राजाचे ठिकाण सांगितले आणि कारकुनाने ते जिल्ह्याच्या रकान्यात लिहिले. त्या आजी म्हणाल्या ते असे बरोबर होते: वाडीचे राज्य होते, जिल्हा नव्हता.

पुढे भारत स्वतंत्र झाला. १९४८ मध्ये सावंतवाडी संस्थान विलीन झाले आणि तो भाग रत्नागिरी जिल्ह्याला जोडला. आता कुडाळ आणि मालवण एकाच जिल्ह्यात आले. मग १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्याचा दक्षिण भाग तोडून नवा जिल्हा केला. कचेरी ओरोसला ठेवली, पण नाव ओरोस दिले नाही. मालवणच्या समुद्रात शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये बांधायला घेतलेला जो किल्ला आहे, त्याचे नाव जिल्ह्याला दिले: सिंधुदुर्ग. नाव जुन्या राज्याच्या आठवणीवरून घेतले. कचेरीवरून नाव देण्याची इंग्रजी रीत इथे सोडून दिली.

म्हणून रत्नागिरी शहरातल्या यादीत ते गाव नव्हते. ते सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या मालवण तालुक्यात होते, आणि तालुक्याचे नाव पणजीच्या कागदावर पहिल्यापासून लिहिलेले होते. नातवाने वरचा रकाना वाचला आणि मधला सोडला, एवढीच चूक झाली होती.

आम्ही दोन्ही कागद शेजारी ठेवून नकाशा उघडला तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. कुडाळ आणि मालवण यांच्यामध्ये तीस किलोमीटरसुद्धा नाहीत. पहाटे निघालेला माणूस दिवेलागणीला पोहोचेल एवढे हे अंतर. कुडाळ भागातले पाणी कर्ली नदीतून मालवणच्या दक्षिणेला देवबागजवळ समुद्राला मिळते. पणजोबा आणि पणजी दोन दूरच्या मुलखांतली नव्हती. ती एकाच नदीच्या आसपासची, एकच बोली बोलणारी माणसे होती. त्यांच्यामध्ये फक्त एका संस्थानाची हद्द होती. ती एकमेकांना आधीपासून ओळखत होती की नाही हे कागद सांगत नाही, आणि आम्हीही सांगणार नाही. पण बंदरावर भेटलेल्या दोन परक्यांची म्हणून जी गोष्ट घरात सांगत होते, तिला जिल्ह्यांच्या दोन नावांपलीकडे काही आधार नव्हता. ही गोष्ट ऐकून त्या घरातल्या मोठ्या काकू बराच वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "म्हणजे आमच्या आजीचे माहेर जवळच होते."

या एका घरात जे झाले तसेच इतर घरांतही होते. त्यातली दोन ठिकाणे सांगतो, कारण ती आपल्या यादीत वरचेवर आली.

पहिले ठिकाण सातारा. सातारा हे शहर छत्रपतींच्या गादीचे. १८४८ मध्ये वारस नाही या सबबीवर कंपनीने ते राज्य खालसा केले आणि त्याचा जिल्हा केला. त्यामुळे १८४५ च्या कागदावरचा सातारा आणि १८५५ च्या कागदावरचा सातारा हा शब्द एकच असला तरी पहिल्यात तो राजाचा मुलूख आहे आणि दुसऱ्यात कलेक्टरचा. शिवाय हद्दही बदलली. १९४९ मध्ये दक्षिण सातारा नावाचा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली ठेवले. वाळवा किंवा तासगाव हा शब्द मधल्या रकान्यात असेल, तर वर सातारा लिहिले असले तरी आज सांगलीकडे पाहावे लागते.

दुसरे ठिकाण कुलाबा. यात दुहेरी फसगत आहे. मुंबई बेटाच्या दक्षिण टोकाला कुलाबा आहे आणि अलिबागच्या समुद्रात आंग्र्यांचा कुलाबा किल्लाही आहे. किल्ल्यावरून तिथल्या आंग्र्यांच्या संस्थानाला कुलाबा म्हणत. ते १८४० मध्ये इंग्रजांनी खालसा केले. पुढे १८६९ मध्ये कुलाबा हा स्वतंत्र जिल्हा झाला, अलिबाग त्याची मुख्य कचेरी. १९८१ पासून त्या जिल्ह्याचे नाव रायगड आहे, शिवाजी महाराजांच्या राजधानीवरून. तेव्हा कागदावर कुलाबा असेल तर आधी मधला रकाना पाहायचा. तिथे अलिबाग किंवा त्या बाजूचे दुसरे ठिकाण असेल तर आज रायगड. मधला रकाना रिकामा असेल तर घाईने काही ठरवायचे नाही; तो माणूस मुंबईच्या कुलाब्यातूनही निघालेला असू शकतो.

आता 'बॉम्बे' या शब्दाकडे येऊ. आपल्या लोकांना या बेटावर बॉम्बे म्हणत. त्याचे कारण साधे आहे: ते त्या बंदरातून जहाजावर चढले. पण त्या काळी मुंबई हे बंदराबरोबरच एका मोठ्या इलाख्याचेही नाव होते. एका शहराचे नाव इलाख्याला लागले होते, जसे रत्नागिरीचे जिल्ह्याला. त्या इलाख्यात मराठी होते, गुजराती होते, कानडीही होते. त्यामुळे नुसत्या 'बॉम्बे' या शब्दावरून भाषा कळत नाही आणि गाव तर नाहीच नाही. जिथे तिन्ही रकान्यांत बॉम्बेच आहे, तिथे आम्ही त्याच जहाजाच्या यादीत त्या माणसाच्या पुढचे-मागचे क्रमांक पाहतो. गावचे सोबती पुष्कळदा एकत्र नाव नोंदवत, म्हणून शेजारच्या माणसाचे गाव कधी कधी वाट दाखवते. तो पुरावा नाही, अंदाज आहे, आणि यादीत त्यापुढे आम्ही तसे लिहिले आहे.

भाषेवरून राज्य करण्याची रीत यानंतरची आहे. १९५२ मध्ये तेलुगू भाषकांच्या राज्यासाठी पोट्टी श्रीरामुलू यांनी उपोषणात प्राण दिला आणि १९५३ मध्ये आंध्र राज्य झाले. १९५६ मध्ये भारतातल्या बहुतेक राज्यांच्या सीमा भाषा पाहून आखल्या. मराठी आणि गुजराती मात्र एकाच मुंबई राज्यात ठेवले. त्याविरुद्ध मोठी चळवळ झाली, शंभरावर माणसे हुतात्मा झाली, आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र आणि गुजरात ही दोन राज्ये झाली. आपल्या तमिळ शेजाऱ्यांच्या पूर्वजांचे मद्रास राज्य १९६९ मध्ये तमिळनाडू झाले. तेथेही शहराचे नाव गेले आणि भाषेचे आले.

पण एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा. तमिळनाडूच्या नावात भाषेचे नाव आहे, तसे महाराष्ट्राच्या नावात नाही. महाराष्ट्राची सीमा भाषेने ठरवली, पण नाव फार जुन्या भूमीचे घेतले. इ. स. ६३४ च्या ऐहोळे येथील शिलालेखात चालुक्य राजा पुलकेशी याला तीन महाराष्ट्रकांचा स्वामी म्हटले आहे. म्हणजे नाव चौदाशे वर्षांपूर्वीचे असून त्या नावाचे आजचे राज्य १९६० चे आहे. आपले पूर्वज निघाले तेव्हा मराठी मुलूख कंपनी, निजाम, नागपूरकर भोसले आणि लहानमोठी संस्थाने यांच्यात वाटलेला होता. निजामाच्या राज्यातल्या मराठी भागाला मराठवाडा म्हणत, तेलुगू भागाला तेलंगण. ती नावे भाषेवरूनच पडली होती. तेव्हा आपला पूर्वज 'महाराष्ट्र राज्यातून आला' असे लिहिणे त्याच्या भाषेच्या दृष्टीने बरोबर आहे, पण त्याच्या कागदावर ते सापडणार नाही. सापडले नाही म्हणून कोणी मन खट्टू करू नये.

एवढे सगळे पाहिल्यावर समितीने जे ठरवले ते सांगतो. कागद खालून वर वाचायचा. आधी गाव, मग परगणा, शेवटी जिल्हा. राज्य बदलले की मोठे नाव बदलते, लहान नाव सहसा राहते. गावाचे नावही मात्र एकटे पुरत नाही, कारण एकाच नावाची गावे दोन तालुक्यांत असतात आणि बुद्रुक व खुर्द अशी जोडगावे असतात. कोकणात तर गाव अनेक वाड्यांचे असते, म्हणून गावाच्या रकान्यात नुसते 'वाडी' असेल तर ती एखाद्या गावातली वाडी असेल किंवा सावंतवाडी शहरही असेल. घरात ग्रामदैवताचे नाव आठवत असेल तर ते जरूर सांगा. पण रवळनाथ आणि सातेरी ही दैवते दक्षिण कोकणात गावोगावी आहेत, तेवढ्यावरून गाव ठरत नाही. गाव, परगणा आणि दैवत तिन्ही जुळले तर मात्र आम्ही निश्चिंत होतो.

आणि यादीत काय छापले? कागदावरचे नाव आम्ही बदलले नाही. ज्याने सावंतवाडी सांगितली त्याच्यापुढे सावंतवाडीच आहे. त्याने सांगितलेले आपण पुसायचे नाही. त्याच्या शेजारी कंसात आजचा तालुका आणि आजचा जिल्हा दिला आहे, म्हणजे जाणाऱ्याने योग्य स्टेशनवर उतरावे. जिथे ठरवता आले नाही तिथे कंस रिकामा ठेवला आहे. असे रिकामे कंस बरेच आहेत. आपल्या घरात जुना कागद असेल, तर तो समितीकडे घेऊन या. परगण्याचा रकाना पुसट झाला असेल तर खास घेऊन या. तोच आधी वाचायचा आहे.

त्या नातवाबद्दल सांगायचे राहिले. तो गेल्या हिवाळ्यात पुन्हा गेला. या वेळी त्याने कुडाळचे तिकीट काढले. पणजोबांचे गाव सकाळी पाहिले, एसटीने मालवणला गेला आणि पणजीचे गाव संध्याकाळी पाहिले. दोन्ही गावे एका दिवसात झाली. आपल्या यादीत त्या घराण्यापुढे आता दोन जुनी नावे आहेत आणि कंसात एकच नवीन.